हॉर्न वाजवताना

चिंचवड स्टेशनजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याला लागून, शुभदाताईंचं ऑफिस होतं. कंपन्या सांगतील तसा इंजिनिअर शोधायचा, त्याला त्याच्या जागेवरून हलवायचा आणि नव्या कंपनीच्या दारात नेऊन उभा करायचा, हा त्यांचा धंदा. शेजारी दात उपटतात, इथं माणसं, असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मंजुषा त्यांच्याकडे तीन वर्षं होती. त्याआधीची नऊ वर्षं तिनं भोसरीत एका कारखान्याच्या टेस्टिंगच्या टेबलावर काढली होती. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, हातात मल्टिमीटर आणि समोर दिवसाला दोनशे सर्किट बोर्ड. कारखाना गुजरातला गेला, मंजुषा गेली नाही. घर, सासू आणि लेक सलोनीची शाळा उचलून कोण नेणार? मग ती या धंद्यात आली, आणि इथं आल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की इंजिनिअर शोधणाऱ्यांपैकी बहुतेकांना इंजिनिअर नेमकं करतो काय हे ठाऊक नसतं. भाजी न ओळखता मंडईत जावं, तसा प्रकार.

शुभदाताईंचा एक ठरलेला मजकूर होता. 'प्रिय उमेदवार, आपल्या अनुभवाला साजेशी सुवर्णसंधी' अशी सुरुवात, खाली कंपनी किती मोठी आहे त्याच्या चार ओळी. तो एका दमात तीनशे जणांना जायचा. त्यातले दहा उत्तर द्यायचे, आणि त्या दहांत नऊ चुकीचे असायचे.

या वेळी मात्र दहासुद्धा आले नाहीत.

महाळुंग्याची एक कंपनी तीनचाकी मालवाहू इलेक्ट्रिक गाड्यांचे मोटर कंट्रोलर बनवायची. कंट्रोलर म्हणजे ॲक्सिलरेटर किती पिळलाय ते पाहून मोटरला किती ताकद द्यायची ते ठरवणारा डबा. डब्यात एक चिप आणि चिपमध्ये प्रोग्रॅम. हे डबे लावलेल्या अकराशे चाळीस गाड्या रस्त्यावर होत्या, आणि त्यांतली एखादी अधूनमधून चालता चालता गपकन ताकद सोडत होती. अजून कुणाला लागलं नव्हतं. पण चाकणच्या चौकात, मागे कंटेनर असताना, टनभर माल घेतलेली गाडी मेली तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. असल्या चिपच्या पोटात शिरून दुखणं शोधणारी माणसं सगळ्या पट्ट्यात बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक आणा, आणि लवकर आणा, असं कंपनीचे इंजिनिअरिंग प्रमुख सुरेंद्र सबनीस यांनी सांगितलं होतं.

"लवकर म्हणजे कधीपर्यंत, सर?" मंजुषानं विचारलं होतं.

"कुणी मरायच्या आत," सबनीस म्हणाले. ते गंमत करत नव्हते.

त्या दिवसापासून महाळुंग्याकडे जाताना शेजारून एखादी हिरव्या नंबरप्लेटची तीनचाकी गेली की मंजुषा उगाच तिच्या मागे पाहायची, मोठं वाहन किती जवळ आहे म्हणून.

तिनं सबनीसांकडून बंद पडलेल्या गाड्यांच्या नोंदी मागून घेतल्या. "एचआरला कशाला हव्यात?" असं तिथल्या एका पोरगेल्या इंजिनिअरनं हसत विचारलं. "मी एचआर नाही, टेस्टिंगवाली आहे," ती म्हणाली, आणि नोंदी घेऊन बसली. सगळ्या नोंदींत कारण एकच होतं, वॉचडॉग.

वॉचडॉग म्हणजे चिपमधला पहारेकरी. प्रोग्रॅमनं दर थोड्या वेळानं त्याला "जागा आहे" अशी हाक द्यायची. हाक आली नाही की पहारेकरी समजतो, आतला माणूस बेशुद्ध पडला, आणि चिप बंद करून पुन्हा चालू करतो. म्हणून नोंदीत वॉचडॉग दिसला की सगळे बोट दाखवतात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे. मंजुषानंही नऊ वर्षांत तसंच बोट दाखवलं असतं. पण तिला तेव्हाच्या साहेबांची एक सवय लागली होती. बोर्ड नापास झाला की आधी त्याला वीज काय मिळत होती ते बघायचं. तिनं बघितलं. पहारेकऱ्यानं चिप बंद करायच्या आधीच्या शेवटच्या नोंदीत, दर वेळी, बारा व्होल्टची लाइन नऊवर आलेली होती.

मग ती महाळुंग्याच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर गेली. तिथं या गाड्यांचे ड्रायव्हर थांबतात. आठ जण सापडले, ज्यांची गाडी कधी ना कधी मेली होती. त्यातला धम्मपाल परभणीकडचा, बोलायला मोकळा.

"गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही काय करत होतात, भाऊ?"

"काय करणार म्याडम, चालवत होतो की! म्होरं म्हैस आली, हॉर्न मारला, अन् गाडी गपगार."

"हॉर्न मारला?"

"हॉर्न मारायचा नाय तर काय म्हशीला नमस्कार घालायचा?"

आठांपैकी सात जणांनी हॉर्न म्हटलं. आठव्याला आठवत नव्हतं. पावसात जास्त होतं, असंही दोघे म्हणाले, म्हणजे वायपर चालू असताना. कंपनीच्या तक्रारीच्या फॉर्मात गाडीचा नंबर होता, किलोमीटर होते, तारीख होती. हॉर्नचा रकाना नव्हता, आणि म्हणून तो कुणाला ठाऊकच नव्हता.

आता माणूस हवा होता. असल्या चिपांवर काम करणारे लोक इंटरनेटवर एका ठिकाणी एकमेकांना अडचणी विचारतात. तिथं जुनी उत्तरं चाळता चाळता तिला एक माणूस सापडला. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो लोकांना उत्तरं देत होता, आणि तीही किती नेमकी! एकाला त्यानं लिहिलं होतं, 'वॉचडॉग हा रोग नाही, डॉक्टर आहे. डॉक्टर आला म्हणून घरात आजार कुणाला ते कळत नाही.' मग एके दिवशी उत्तरं थांबली, ती कायमचीच. नाव ज्ञानेश सांडभोर, गाव राजगुरुनगर. ईमेल होता. नोकरीच्या साइटवर त्याच्या नावापुढं नोंद होती, त्याला साठ जणांनी सुवर्णसंधी दिली होती. त्यानं एकही उघडली नव्हती.

मंजुषानं सबनीसांना फोन करून विचारलं, गाडीचं दुखणं लिहू का? "कंपनीचं नाव नको, गाड्यांचे नंबर नकोत, बाकी लिहा," ते म्हणाले. तेव्हा तिनं उमेदवाराचं नाव सांगितलं नव्हतं. तिला कुठं ठाऊक होतं की ते नाव महत्त्वाचं आहे.

मंगळवारी सकाळी दहाला तिनं मेल पाठवला. मराठीतच लिहिला, राजगुरुनगरच्या माणसाला इंग्रजीत दुखणं कशाला सांगायचं म्हणून.

'नमस्कार ज्ञानेशजी,

मी कंपन्यांना माणसं शोधून देते. त्याआधी नऊ वर्षं टेस्टिंगला होते, त्यामुळे थोडं कळतं, सगळं नाही. नोकरीचं शेवटी लिहिते, आधी दुखणं.

मालवाहू तीनचाकी, इलेक्ट्रिक. चालता चालता मोटर कंट्रोलर स्वतःहून रीस्टार्ट होतो. पाव सेकंदात परत उठतो, पण तेव्हा ॲक्सिलरेटर पिळलेला असतो, म्हणून सुरक्षेच्या नियमाप्रमाणे तो शून्यावर येईपर्यंत मोटरला ताकद देत नाही. ड्रायव्हरला वाटतं गाडी मेली. नोंदीत कारण वॉचडॉग, म्हणून सगळे म्हणतात प्रोग्रॅम अडकतोय.

मला तसं वाटत नाही. कंपनीनं टेबलावर तीन महिने चालवून एकदाही झालेलं नाही. वॉचडॉगच्या आधीच्या शेवटच्या नोंदीत बारा व्होल्टची लाइन दर वेळी नऊवर आहे, आणि खरी किती खाली गेली असेल ते नोंद घेईपर्यंत कळत नाही. मी आठ ड्रायव्हरांना विचारलं. सात जण म्हणाले, हॉर्न वाजवताना. टेबलावर हॉर्न नसतो.

व्होल्टेज चिप भांबावण्याइतकं उतरतं, पण तिनं कमी व्होल्टेज म्हणून स्वतःच थांबावं इतकं उतरत नाही, आणि मग बिचारा वॉचडॉग धावून येतो, असं होऊ शकतं का? मी चुकत असेन तर तेवढं तरी सांगा. काम महाळुंग्यात आहे. अशा अकराशे गाड्या रस्त्यावर आहेत.

मंजुषा वाडेकर'

शुभदाताईंनी मागून वाचलं. "अगं बाई, हे काय, औषधाची चिठ्ठी लिहिलीस की काय? पगार कुठाय? कंपनीची स्तुती कुठाय?"

"त्याला स्तुती नकोय, ताई. साठ जणांनी केली ती."

"मग बस वाट बघत!" म्हणून त्या शेजारच्या दवाखान्यात दाढ दाखवायला गेल्या.

अकरा वीसला उत्तर आलं. एक ओळ. 'हॉर्नचं नक्की?'

मंजुषानं लगेच लिहिलं, 'सात जण. आठव्याला आठवत नाही.' त्यावर काही आलं नाही. बारा वाजले, एक वाजला. शुभदाताई सुजलेला गाल घेऊन परत आल्या आणि "कळलं का आता?" असं अर्ध्या तोंडानं म्हणाल्या.

तीनला फोन वाजला. पलीकडे कुठंतरी लेथ चालू असावी.

"मंजुषाताई? मी ज्ञानेश सांडभोर." आवाज बसलेला. "मी हॉर्न लावला."

"कशाला लावला?"

"माझ्या बोर्डला. मी आता स्टार्टर दुरुस्त करतो, विहिरीवरच्या मोटारींचे. पण माझ्याकडं एक जुना कंट्रोलर आहे, आधीच्या कंपनीतला. चार वर्षं टेबलावर चालू आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तो चालू करतो. प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासली, ताई. शंभरदा तपासली. एकदाही बंद पडला नाही. आज शेजारच्या गॅरेजमधनं हॉर्न आणला, वायपरची मोटर आणली, एक जुनी बॅटरी. वायपर चालू केला आणि हॉर्न दाबला. तिसऱ्यांदा दाबला, आणि..."

मंजुषाच्या तोंडून टेस्टिंगवाल्याचाच प्रश्न निघाला. "नोंद काय आली?"

"वॉचडॉग," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

मोठा माणूस फोनवर असा रडताना मंजुषानं कधी ऐकला नव्हता. ती खुर्चीतून उठून उभी राहिली. शुभदाताईंनी खुणेनं विचारलं, काय झालं? तिनं हात हलवला. तिलाच कळत नव्हतं काय झालं.

मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. चार वर्षांपूर्वी तो दुसऱ्या एका कंपनीत होता, असल्याच तीनचाकीचा प्रोग्रॅम त्याचा. पुनावळ्याजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडला एक गाडी चालता चालता मेली आणि मागून ट्रक आला. चालवणारा कोंडीराम नावाचा माणूस जागीच गेला. डब्यातली नोंद वॉचडॉग. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं, दोष सॉफ्टवेअरचा. सॉफ्टवेअर म्हणजे ज्ञानेश.

"दहाव्याला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सोजराबाई, मी मावशी म्हणतो, मूलबाळ नाही. त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, माझ्या हातनं झालं. तेव्हापासून दर रविवारी जातो. तिथं पहिल्याच दिवशी शेजारचा, अपघात पाहिलेला एक माणूस म्हणाला होता, कोंडीरामानं हॉर्न वाजवला आणि गाडी मेली. मी ऐकलं होतं, ताई. माझ्या कानांनी ऐकलं होतं."

मंजुषानं नोकरीसाठी पत्र लिहिलं होतं. आपण लिहिलेल्या एका ओळीनं कुणाची चार वर्षं अशी उभी चिरली जातील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आनंद व्हावा की भीती वाटावी, तेच तिला समजेना. वाटली ती भीतीच.

"महाळुंग्याला या," ती म्हणाली. "उद्याच या. तुमचा बोर्ड घेऊन या."

"येतो," तो म्हणाला.

तिनं सबनीसांना फोन केला. "सर, माणूस मिळाला. राजगुरुनगरचे ज्ञानेश सांडभोर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तो येणार नाही," सबनीस म्हणाले.

"येतायत, सर. उद्या दहाला."

"माझं नाव सांगितलंत?"

"नाही. कंपनीचंही आत्ता सांगितलं."

"बरं." आणि मग, "आणा."

ते 'आणा' मंजुषाला रात्रभर कानात खुपत राहिलं.

बुधवारी दहाला ज्ञानेश गेटवर आला. पस्तिशीचा, बारीक, दाढी वाढलेली, पाठीवर शाळेच्या पोरासारखी सॅक. मंजुषा त्याला घेऊन टेस्टिंगच्या खोलीत गेली. दारात तो थबकला. खोलीत सबनीस उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मंजुषानं त्या दोघांकडे. ओळख आहे हे कुणीही सांगितलं असतं. पण असली ओळख तिनं पाहिली नव्हती. सबनीसांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सर, तुम्ही इथं?" ज्ञानेश म्हणाला.

"साडेतीन वर्षं झाली."

मंजुषाला कुणी सांगायची गरज पडली नाही. चाकण ते भोसरी या पट्ट्यात माणसं कंपन्या बदलतात, पण माणसं तीच असतात. तो अहवाल कुणी लिहिला असेल ते तिला कळलं. ज्यानं बुडवला त्याच्याच दारात तिनं या माणसाला आणून उभा केला होता, आणि वर स्वतःला शहाणी समजत होती! तिला वाटलं आता हा मागे फिरेल. तो फिरता तर तिनं त्याला अडवलंही नसतं.

ज्ञानेशनं सॅक खाली ठेवली. "गाडी कुठाय?" त्यानं विचारलं.

शेडमध्ये परत आलेली एक गाडी उभी होती, धम्मपालचीच. ज्ञानेशनं डबा उघडला, ऑसिलोस्कोपची टोकं आत लावली. ऑसिलोस्कोप म्हणजे वीज कशी वरखाली होते ते पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र. मंजुषाला हॉर्नजवळ उभं केलं. पोरगेला इंजिनिअर वायपरच्या बटणापाशी.

"वाजवा."

तिनं हॉर्न दाबला. पडद्यावरची बारा व्होल्टची रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली आणि चार मिलिसेकंदांनी वर आली. त्याखालची दुसरी रेघ, म्हणजे बोर्डाच्या आतली, तिनं तग धरायला हवा होता. ती दोन मिलिसेकंद टिकली, मग तीही घसरली. पाचव्या हॉर्नला डब्यावरचा दिवा विझून पुन्हा लागला.

शेडमध्ये हॉर्नचा आवाज उगाच घुमत राहिला.

"आतल्या रेघेला सहा मिलिसेकंद टिकायला हवं," ज्ञानेश म्हणाला. "त्यासाठी इथं चार कॅपॅसिटर असतात. वीज साठवून ठेवतात, टाकीत पाणी ठेवावं तशी. बाहेरून पाणी तुटलं की टाकीवर चालायचं." त्यानं भिंग काढलं, बोर्डावर धरलं. मग सॅकमधून स्वतःचा बोर्ड काढून शेजारी ठेवला. बराच वेळ तो या बोर्डावरून त्या बोर्डावर बघत राहिला. "दोन्हीकडं बारीकच आहेत. मी प्रोग्रॅम लिहिला तेव्हा मोठे होते. नमुन्याच्या बोर्डावर मोठे होते, सर. मला आठवतंय."

"माप तेच आहे," पोरगेला इंजिनिअर म्हणाला. "बावीस मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्ट. कागदावर तेच."

"कागदावर तेच. पण सिरॅमिकचा तुकडा जितका बारीक, तितकी त्याच्यावर व्होल्टेज आलं की त्याची साठवण घटते. बारा व्होल्टला या बारक्यात पाचवा हिस्साही उरत नाही. तुकडा बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात आलेख असतो, शेवटून दुसऱ्या पानावर. कुणी उघडत नाही ते पान."

सबनीस तडक बाहेर गेले. पळून गेले, असं मंजुषाला वाटलं आणि तिला संताप आला. पाच मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक फाइल होती. त्यांनी ती उघडून ज्ञानेशसमोर टेबलावर ठेवली. पर्यायी भागांची मंजूर यादी. मोठा भाग बाजारात मिळेना झाला तर त्याऐवजी कोणता चालेल, ते त्यात लिहिलेलं असतं, आणि खाली मंजूर करणाऱ्याची सही. पान जुनं होतं, तारीख पाच वर्षांपूर्वीची. वरचं कंपनीचं नाव कात्रीनं कापलेलं. खालची सही सबनीसांची.

"ही यादी मी तिथून इथं आणली," ते म्हणाले. "सगळेच आणतात. नवीन कंपनीत पुन्हा कोण बसून करणार? तेव्हा मोठा तुकडा मिळत नव्हता, लाइन थांबली होती. माप जुळलं, व्होल्टेज जुळलं. मी सही केली." त्यांनी चष्मा काढला. "अहवालही मीच लिहिला. नोंदीत वॉचडॉग होता. मला खरंच वाटलं, ज्ञानेश, की तुझं आहे."

मंजुषाला वाटलं आता हा ओरडेल, बोर्ड भिंतीवर फेकेल. तिला तर फेकावासा वाटत होता. माणसाचा जीव गेला, दुसऱ्याची चार वर्षं गेली, आणि तीच चूक कापलेल्या कागदातून चालत अकराशे गाड्यांत येऊन बसली, सगळं कागदावर बरोबर असताना! तिनं स्वतः नऊ वर्षं असल्याच याद्या बघून बोर्ड पास केले होते. किती केले असतील कोण जाणे. त्या विचारानं तिला शिसारी आली.

"मी तरी कुठं हॉर्न लावला," ज्ञानेश शेवटी म्हणाला. "चार वर्षं टेबलावर चांगला पुरवठा देत बसलो."

दुपारपर्यंत नवे डबे बाहेर जाणं थांबलं. सबनीसांनी कंपनीच्या मालकांना फोन करून अकराशे चाळीस गाड्या परत बोलवायला लावल्या. फोनवर त्यांनी कारणही सांगितलं, आणि सही कुणाची तेही. पलीकडून काय काय आलं ते खोलीत सगळ्यांना ऐकू जात होतं. ते ऐकत उभे राहिले. मंजुषाला त्यांचा राग होता, पण तेवढं तिनं मनात नोंदवून ठेवलं.

मग तिच्या लक्षात आलं की आपण इथं कशासाठी आलोय. तिनं वही काढली, तिचंच तिला हसू येईल अशा आवाजात विचारलं, "ज्ञानेशभाऊ, रुजू होणार असाल तर तुमच्या अपेक्षा?"

"एकच." त्यानं सबनीसांकडे बोट केलं. "रविवारी सर माझ्याबरोबर पुनावळ्याला येतील. मावशींना स्वतःच्या तोंडानं सांगतील. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरगं अंग काढून घेतंय."

सबनीसांनी मान हलवली.

रविवारी गाडी मंजुषानंच चालवली. दोघा पुरुषांपैकी कुणाचेही हात त्या दिवशी स्टिअरिंगवर ठेवण्याच्या लायकीचे नव्हते. पुनावळ्यात उंच उंच इमारतींच्या मागे जुन्या गावठाणातल्या दोन खोल्या उरल्या होत्या. सोजराबाई साठीच्या, हाडापेरानं मजबूत, पदर खोचलेला. "ज्ञानू, आज लवकर आलास व्हय? अन् पाव्हणं कोण म्हनायचं?" म्हणत त्यांनी सतरंजी झटकली.

सबनीस सतरंजीवर बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. घाबरून त्यांची मराठी पुस्तकी झाली होती, पण काही लपवलं नाही. तुकडा कुठला, सही कुणाची, अहवाल कुणाचा. ज्ञानेशचा काही दोष नव्हता, असं दोनदा म्हणाले.

सोजराबाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही दिसेना. "तुकडा मंजी केवडा?" त्यांनी विचारलं.

सबनीसांनी खिशातून कागदाची पुडी काढली. तळहातावर तांदळाच्या कणीएवढा तपकिरी दाणा. सोजराबाईंनी फळीवरचा चष्मा आणून लावला, त्यांच्या तळहातावर वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"येवड्यापायी?" त्या म्हणाल्या. "माजा येवडा थोराड मानूस, अन् येवड्यापायी?"

मंजुषा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कुकरची शिट्टी झाली, कुणी उठलं नाही. सोजराबाई खाली बसल्या, चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या, पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

मग त्यांनी ज्ञानेशकडे पाहिलं. "मंजी तुज्या हातनं काय झालंच न्हवतं."

"नाही, मावशी."

"उगंच मनाला लावून घेतलंस. चार वरसं." आणि जे आठवून मंजुषा पुढं कित्येक दिवस ऑफिसात मधेच काम सोडून खिडकीकडे बघत बसायची, ते त्या बोलल्या, अगदी साध्या आवाजात, जणू दूध नासलं का विचारावं तसं. "मग आता आयतवारी येयाचा न्हाईस."

जी सुटका ज्ञानेशला चार वर्षं हवी होती, ती मिळाल्यावर या बाईच्या घरातून काय जाणार आहे, हे त्याच्या तरी कुठं ध्यानात आलं होतं? तो उठला. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेला, कुकरखालचा गॅस बंद केला, आणि वाकून सिलिंडर हलवून पाहिला.

"ही टाकी कधी लावलीस, मावशी?" तो म्हणाला. "हलकी लागतीय. पुढच्या रविवारी येताना नंबर लावून येतो."